सप्टेंबरात सोनं पडतं म्हणून थांबलेला मामा: एका टेबलाची पूर्ण तपासणी

पिंपळगाव बसवंतकडे माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये हंगामाचे शेवटचे पैसे हातात आले आणि डिसेंबरात थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, दहा तोळे सोनं घ्यायचं होतं. तेव्हा २४ कॅरेटचा भाव जीएसटी सोडून साधारण ७३ हजार चालला होता, दहा ग्रॅमला. मामा नाशिकला सराफ बाजारात यायला निघणार तेवढ्यात त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी एक टेबल फॉरवर्ड केलं, वर बारा महिने, डावीकडे वर्षं, हिरवे लाल चौकोन, आणि सप्टेंबरचा रकाना २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग लाल. सात पैकी सात वेळा सप्टेंबरात सोनं पडलंय असं खाली मोठ्या अक्षरात.

मामाचा मला फोन आला, "तू हिशोबाचं काम करतो, हे खरंय का बघ." मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघतो, शीट रोजचीच, म्हणून म्हटलं बघतो. आणि बघितलं, आणि अर्धवट बघून त्यांना हो म्हटलं. काय बघितलं, कुठे चुकलो आणि नंतर नीट मोजल्यावर काय निघालं ते सगळं इथे लिहितोय, कारण तसलं टेबल दरवर्षी कुणा ना कुणाच्या फोनवर येतंच.

आधी मोजतात कसं ते. लंडनच्या सोन्याच्या भावाची महिनाअखेरची किंमत घ्यायची, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशीची, दुपारची. या महिन्याची अखेर भागिले मागच्या महिन्याची अखेर वजा एक, झाला त्या महिन्याचा परतावा. मग सगळे सप्टेंबर एका बाजूला काढायचे, त्यांची सरासरी काढायची, आणि ती सरासरी शून्यापासून किती लांब आहे ते तिच्याच चढउताराच्या मापाने मोजायचं. त्याला टी म्हणतात. टी दोनच्या पुढे गेला (अधिक किंवा उणे) की साधारणपणे म्हणतात की नुसत्या योगायोगाने असं व्हायची शक्यता वीसात एकपेक्षा कमी. शीटमध्ये एवढंच:

```
=B3/B2-1
=AVERAGE(D2:D14)/(STDEV.S(D2:D14)/SQRT(COUNT(D2:D14)))
```

मी २०११ ते २०२३ असे तेरा सप्टेंबर घेतले. २०११ ला जवळपास ११ टक्के खाली, २०१२ ला पावणेआठ टक्के वर, २०१३ आणि २०१४ ला पाच पाच टक्क्यांच्या आसपास खाली, २०१६ ला एखादा टक्का वर, बाकी सगळे सव्वा ते चार टक्के खाली. तेरातले अकरा लाल. सरासरी साधारण उणे २.६ टक्के, टी उणे २.३. मी मामांना सांगितलं, "मामा, टेबल खोटं नाहीये, आकडा पक्का दिसतोय." ते म्हणाले मग थांबतो, सप्टेंबरअखेर घेऊ.

त्या आकड्यात गणिताची चूक नव्हती, आजही तो तेवढाच येतो. चूक त्याच्या आजूबाजूला होती.

पहिली गोष्ट, मी एकच महिना तपासला, पण टेबल बनवणाऱ्याने बारा बघितले होते आणि त्यातला सगळ्यात ठळक उचलून मला दाखवला होता. सोन्याचा महिन्याचा परतावा सरासरीच्या आसपास साधारण साडेचार टक्के इकडेतिकडे हलतो. पंधरा वर्षांचे पंधरा सप्टेंबर घेतले तर त्यांच्या सरासरीतली हलण्याची जागा होते साडेचार भागिले पंधराचं वर्गमूळ, म्हणजे एक टक्क्याच्या थोडं वर. आता समजा सोन्याला महिन्याशी काहीच देणंघेणं नाही, सगळे परतावे चिठ्ठ्यांवर लिहिले, डब्यात टाकून पिसले आणि डोळे मिटून बारा महिन्यांत वाटले. तरी बारातला एखादा महिना सगळ्यात वर येणारच आणि एखादा सगळ्यात खाली, आणि पंधरा वर्षांच्या चिठ्ठ्यांत तो वरचा महिना सरासरीपेक्षा जवळपास दोन टक्के वर निघतो, खालचा तेवढाच खाली. म्हणजे काहीही पॅटर्न नसताना सुद्धा टेबलात चार टक्क्यांची दरी दिसणार. मला हे आधी कळलं असतं तर उणे २.६ बघून मी एवढा दचकलो नसतो.

अकरा लालचं पण तसंच. एकच महिना आधीपासून ठरवून ठेवला असेल तर तेरात अकरा किंवा जास्त वेळा पडायची शक्यता शंभरात एक, ऐकायला जबरदस्त. पण बारा महिन्यांपैकी कुठलाही चालेल, आणि वर असो की खाली दोन्ही चालेल, असं धरलं की असला एखादा रकाना कुठेतरी दिसण्याची शक्यता होते चारात एक. बारा महिने चाळून काढलेल्या महिन्याला टी दोन नाही, तीनच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे लागतो. आणि "२०१७ पासून" हे पण कुणीतरी निवडलेलं आहे, कारण २०१६ चा सप्टेंबर हिरवा होता. एक वर्ष मागे गेलं की सातपैकी सात मोडतं.

दुसरी गोष्ट मला खूप उशिरा सापडली, आणि ती सगळ्यात बोलकी आहे. डर्क बाउर नावाच्या अभ्यासकाचा २०१३ चा एक शोधनिबंध आहे, त्यात १९८० ते २०१० चे परतावे तपासलेत. त्यात जे दोन महिने ठळकपणे वर निघाले ते सप्टेंबर आणि नोव्हेंबर. वर बरं का! तीस वर्षांचा नीट केलेला अभ्यास म्हणतो सप्टेंबरात सोनं चढतं, आणि लगेच पुढची तेरा वर्षं सप्टेंबर बहुतेक पडत राहिला. नोव्हेंबरची पण तीच गत, २०१३, २०१५, २०१६, २०२० असे एकामागून एक मार खाल्लेले नोव्हेंबर आहेत. त्या अभ्यासात चूक होती असं मी म्हणत नाहीये, त्या तीस वर्षांत ते होतंच. पण जो पॅटर्न मोजून छापून झाला, तो पुढच्या काळात नुसता विरला नाही तर उलटा झाला, आणि मग उलट्याचंही टेबल फिरायला लागलं. दोन्ही वेळा कारण तयार होतं. चढत होता तेव्हा सांगायचे की भारतातल्या लग्नसराई आणि दिवाळीसाठी व्यापारी आधीच माल भरतात, पडायला लागला तेव्हा सांगायला लागले की सप्टेंबरात डॉलर मजबूत होतो. आकडा आधी आणि कारण नंतर आलं की कारण कुठल्याही बाजूला बसवता येतं.

आणि दिवाळी म्हणजे नेमका कुठला महिना? धनत्रयोदशी २०२१ ला २ नोव्हेंबरला होती, २०२३ ला १० नोव्हेंबरला, २०२४ ला २९ ऑक्टोबरला, २०२५ ला १८ ऑक्टोबरला. अक्षय तृतीया कधी एप्रिल कधी मे. आपली खरेदी तिथीने चालते, अधिक महिना आला की सगळं पुढे सरकतं, आणि टेबल मात्र इंग्रजी महिन्याचं. सणाच्या खरेदीचा परिणाम खरंच मोजायचा असेल तर धनत्रयोदशीच्या आधीचे तीस दिवस असा रकाना करायला पाहिजे. भारताची वर्षाची सगळी मागणी ७००-८०० टन, आणि जगात सोन्याची २०२३ ची एका दिवसाची उलाढाल दीडशे अब्ज डॉलरच्या पुढे होती, त्या भावाने आपली आख्खी वर्षाची खरेदी एका दिवसाच्या उलाढालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसते. दिवाळी कधी आहे हे लंडनच्या ट्रेडरलाही पंचांगाइतकंच आधी माहीत असतं, त्यामुळे तेवढ्याने भाव दरवर्षी ठरल्या वेळी हलावा हे मला पटत नाही.

हे मामांना समजावताना एक गोष्ट कामाला आली, ती कांद्याची. लासलगावला उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो तेव्हा भाव दबलेला असतो, आणि चाळीत ठेवून ऑगस्ट सप्टेंबरपर्यंत थांबलं तर बऱ्याच वर्षी वर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तो पॅटर्न मरत नाही. का? कारण चाळीतला कांदा सडतो, वजन घटतं, कोंब येतात, चाळीचा खर्च असतो, आणि जो वाढीव भाव मिळतो तो त्या घटीची आणि जोखमीची भरपाई असते. सगळ्यांना माहीत असूनही सगळे साठवू शकत नाहीत. सोन्याला घट नाही, ते सडत नाही, लॉकरचा खर्च किरकोळ. सप्टेंबरात पडणार हे खरंच पक्कं असतं तर मोठे लोक ऑगस्टमध्येच विकून मोकळे झाले असते, म्हणजे ऑगस्टच पडला असता, मग लोकांनी जुलैत विकलं असतं, आणि असं करत करत तो खड्डा सपाट झाला असता. कांद्यात तसं करता येत नाही, सोन्यात एका बटणावर करता येतं. मामा यावर लगेच म्हणाले, "द्राक्ष तर चाळीत पण ठेवता येत नाही," आणि मला वाटतं टी वगैरेपेक्षा हे त्यांना जास्त पोचलं.

आता तिसरी गोष्ट, डेटा कुठला घेतला. मी नंतर पडताळा म्हणून दुसरी एक फुकट मिळणारी सीरिज उतरवली, त्यात महिन्याची सरासरी किंमत असते, अखेरची नाही. तिच्यात २०११ चा सप्टेंबर बघितला आणि मला वाटलं फाईलच चुकलीय. अखेर ते अखेर मोजलं तर ऑगस्टअखेर १८१३ डॉलर, सप्टेंबरअखेर १६२०, म्हणजे जवळपास ११ टक्के घसरण. सरासरीने मोजलं तर ऑगस्टची सरासरी साधारण १७५६, सप्टेंबरची १७७२, म्हणजे जवळपास एक टक्का वाढ! कारण त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सोनं १८९५ पर्यंत गेलं होतं आणि पडलं ते शेवटच्या दहा दिवसांत, त्यामुळे सरासरीत वरचे दिवस जास्त आले. ती घसरण मग सरासरीवाल्या सीरिजमध्ये ऑक्टोबरच्या खात्यात गेली, ऑक्टोबर तिथे सहा टक्के खाली दिसतो, आणि अखेरच्या हिशोबाने तोच ऑक्टोबर सहा टक्के वर आहे. एकच सोनं, एकच वर्ष, दोन महिन्यांची चिन्हं उलटीपालटी.

सरासरीच्या सीरिजमध्ये प्रत्येक महिन्याची हालचाल थोडी पुढच्या महिन्यात सांडते, आणि चढउतारही खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून टी उगाच फुगतो. टेबल कुणी दाखवलं तर मी आता सगळ्यात आधी २०११ चा सप्टेंबर शोधतो. हिरवा असला तर सरासरीचा डेटा आहे, लगेच कळतं.

आणि हे सगळं डॉलरमधलं. मामा डॉलर देणार नव्हते. रुपयातला भाव म्हणजे लंडनचा भाव गुणिले डॉलरचा दर आणि वर आयात शुल्क. २०१८ च्या सप्टेंबरात लंडनला सोनं सव्वा टक्का पडलं, पण त्याच महिन्यात डॉलर ७१ वरून साडेबहात्तरच्या जवळ गेला, म्हणजे आपल्याकडे सोनं उलट किंचित महागलं. सातपैकी सात लाल, त्यातला एक रुपयात लालच नाही. २०२२ ला पण लंडनची घसरण जवळपास सगळी रुपयाने खाऊन टाकली. फॉरवर्डमधलं टेबल डॉलरचं होतं हे मी मामांना सांगितलंच नाही, कारण मी स्वतः ते तपासलं नव्हतं, हे मला अजून लागतं.

शुल्काचं तर वेगळंच. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरचं एकूण आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. लंडनला त्या महिन्यात सोनं चार टक्के वर होतं आणि आपल्याकडे महिना खाली बंद झाला. दोन तीन दिवसांत ७३ च्या आसपासचा भाव ६८-६९ हजारांवर आला. रुपयाच्या टेबलात आता जुलै कायमचा थोडा वाईट दिसणार, आणि त्याचं जुलै महिन्याशी काहीही नातं नाही, ते एका भाषणाचं आहे. तसाच २०१३ चा ऑगस्ट, तेव्हा शुल्क १० टक्के झालं आणि रुपया २८ ऑगस्टला ६८ च्या पार घसरला, त्या एका महिन्याने रुपयातल्या ऑगस्टची सरासरी वर उचलून धरलीय. म्हणून सरासरीसोबत मधला आकडा, म्हणजे मिडियन, पण बघायचा, आणि सगळ्यात मोठं एक वर्ष काढून परत मोजायचं. एक वर्ष काढल्यावर महिन्याचा क्रमांक बदलत असेल तर तो त्या वर्षाचा इतिहास होता.

मामांच्या बाबतीत नेमकं इथेच नुकसान झालं. २४ जुलैला मामीने फोन केला होता, भाव एकदम उतरलाय, आज घ्यायचं का म्हणून. मामा म्हणाले सप्टेंबरची घसरण तर अजून बाकीच आहे, आता उतरलंय ते आणखी उतरेल. मी पण थांबा असंच म्हटलं. सप्टेंबरात लंडनला सोनं साडेचार टक्क्यांच्या वर चढलं, महिनाअखेर आपल्याकडे ७५ हजार. जुलैपेक्षा तोळ्याला सहा साडेसहा हजार जास्त, दहा तोळ्यांचे साठ पासष्ट हजार, वर तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ वेगळीच. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. सराफ बाजारात दुकानात वेढणी तोलली जात होती तेव्हा मी काट्याकडे बघत उभा होतो आणि मला ते आकडे सगळे आठवत होते.

सप्टेंबर चढला म्हणून टेबल चुकीचं ठरलं असंही नाही, तो पडला असता तरी वरच्या सगळ्या अडचणी तशाच राहिल्या असत्या. एका वर्षाने काही सिद्ध होत नाही. पण एका दोन वर्षांनी मोजमाप किती हलतं ते मात्र दिसतं. २०२५ चा सप्टेंबर तर अकरा टक्क्यांच्या वर चढला. आता तेरा ऐवजी पंधरा सप्टेंबर घेतले की सरासरी उणे २.६ वरून उणे १.२ वर येते, आणि टी उणे २.३ वरून उणे ०.८. दोनच वर्षं जोडली आणि पक्का दिसणारा आकडा विरघळला. कुणी म्हणेल मिडियन अजून उणे २.६ च्या आसपासच आहे, बरोबर, आहे, पंधरात अकरा लाल आहेतच. पण ज्याला खरेदी करायचीय त्याला मिडियनचा भाव मिळत नाही, त्या वर्षीचाच मिळतो, आणि चुकलेली वर्षं मोठी चुकतात.

मग किती वर्षं लागतील पक्कं कळायला? समजा एखाद्या महिन्यात खरोखर एक टक्क्याचा फरक आहे. महिन्याची हालचाल साडेचार टक्के, आणि टी दोन यायला सरासरीतली हलण्याची जागा अर्ध्या टक्क्यावर यायला हवी. साडेचार भागिले अर्धा नऊ, नऊचा वर्ग ८१. एक्याऐंशी वर्षं, आणि तेही एकच महिना आधी ठरवलेला असेल तर. अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली ऑगस्ट १९७१ मध्ये, त्याआधी सरकारी भाव ३५ डॉलर बांधलेलाच होता. म्हणजे मोकळ्या भावाची वर्षं आहेतच पंचावन्नच्या आसपास, आणि त्यातही सत्तरचं दशक, ऐंशी नव्वदची मंदी आणि २००१ नंतरची तेजी, ही एकाच बाजाराची वर्षं वाटत नाहीत. तेजीच्या वर्षांत सगळेच महिने वर दिसतात, म्हणून एखादा महिना शून्याशी न ताडता त्याच वर्षाच्या बाकी अकरा महिन्यांशी ताडायचा, नाहीतर तेजीच महिन्याच्या नावावर जमा होते. जानेवारीचं तसंच झालं, २०१४ ते २०२० सलग सात जानेवारी हिरवे, लोकांनी त्याचंही टेबल केलं, आणि २०२१, २०२२ लगेच लाल.

आता धाकटीचं ठरतंय. मामांनी परवा विचारलं, "यंदाच्या सप्टेंबराचं काय म्हणतो तुझं शीट?" मी पंधरा वर्षांवरून पुढच्या एका सप्टेंबराची रेंज काढून सांगितली, उणे १३ ते अधिक ११ टक्के, वीसात एकोणीस वेळा यात कुठेतरी. त्यांनी कॅलेंडर काढलं, लग्नाच्या तारखेपासून मागे मोजलं, सोनाराला दागिने घडवायला तीन आठवडे लागतात ते धरले, त्याच्या आधीचा एक सोमवार पेनाने गोल केला आणि म्हणाले त्या दिवशी गाडी घेऊन ये, दुपारनंतर बागेत फवारणी आहे.